दिसणारं वर्तुळ आणि कापायचं वर्तुळ

पिनेचा गोल बिल्ला आपण छातीवर लावतो तेव्हा त्यावरचं चित्र आपल्याला पूर्ण दिसतं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या बिल्ल्यासाठी छापलेल्या कागदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा समोरून दिसतच नाही. तो कडेवरून खाली उतरलेला असतो आणि पत्र्याच्या मागे दाबून बसवलेला असतो. आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारा बिल्ला ५८ मिलिमीटर व्यासाचा. त्यासाठी बहुतेक यंत्रांना लागणारी कागदाची चकती ७० मिलिमीटरची असते. म्हणजे चारही बाजूंनी ६ मिलिमीटरची एक पट्टी छापावी लागते, तिच्यावर शाई खर्च होते, आणि तरीही तिच्यावर एक अक्षरही ठेवता येत नाही. बिल्ला आणि फ्रिज मॅग्नेटच्या कामात जितक्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक या पट्टीचा विसर पडल्यामुळे किंवा तिचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे होतात.

शाळेचं स्नेहसंमेलन, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, गणेशोत्सव मंडळाचे स्वयंसेवक, ट्रेकिंगचा ग्रुप, प्रचार, वाढदिवस अशा सगळ्या ठिकाणी आता बिल्ले लागतात. त्यांची डिझाइनं बहुधा घरातलाच कोणीतरी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर करतो. चित्र पडद्यावर सुरेख दिसतं. शंभर बिल्ले तयार होऊन येतात तेव्हा मंडळाच्या नावातली वेलांटी कडेला गेलेली असते आणि खालचा फोन नंबर अर्धा मागे वळलेला असतो. छपाईवाला म्हणतो, ‘तुम्ही दिलं तसंच छापलं.’ तो खोटं बोलत नसतो.

बिल्ला कसा तयार होतो हे एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. त्याचे चार भाग असतात. पहिला, पातळ पत्र्याचा किंचित फुगीर तोंडाचा तुकडा, ज्याला शेल म्हणतात. दुसरा, त्यावर ठेवायचा छापील कागद. तिसरा, कागदावरची पारदर्शक फिल्म, जिला या धंद्यात मायलर म्हणतात. चौथा, मागची पिन असलेली प्लेट. हातदाबाच्या यंत्रात दोन साचे असतात, त्यांना डाय म्हणतात. पहिल्या डायमध्ये शेल, त्यावर कागद, त्यावर फिल्म असं ठेवून दांडा दाबला की हे तिन्ही थर वरच्या भागात उचलले जातात आणि कागद-फिल्मच्या कडा शेलच्या कडेवरून खाली वळतात. दुसऱ्या डायमध्ये पिनेची प्लेट ठेवून पुन्हा दांडा दाबला की त्या वळलेल्या कडा प्लेट आणि शेल यांच्यामध्ये चिणल्या जातात. यात गोंद कुठेच नसतो. बिल्ला टिकतो तो या दाबाने धरलेल्या कागदाच्या आणि फिल्मच्या कडेमुळे.

ही रचना जुनी आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या न्यूआर्क शहरातल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याच वर्षीच्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत असे बिल्ले प्रचंड प्रमाणात वाटले गेले. तेव्हा वर सेल्युलॉइडचा थर असे, आता पॉलिएस्टरची फिल्म असते. बाकी कागद पत्र्यावरून वळवून मागे धरण्याची युक्ती तीच आहे.

वहीला कव्हर घालताना आपण आत दुमडायला जसा जादा कागद सोडतो, तसाच हा ६ मिलिमीटरचा भाग. तो कमी पडला तर मागच्या प्लेटला धरायला काही उरत नाही. जास्त झाला तर आत गोळा होतो, यंत्राचा दांडा पूर्ण खाली जात नाही आणि कडेला सुरकुत्या पडतात. म्हणून कापायचा आकार हा आवडीनिवडीचा विषय नाही. तो यंत्राच्या डायने ठरवून टाकलेला असतो.

डिझाइन करताना मनात, आणि शक्य असेल तर फाइलमध्येही, एकाच मध्यबिंदूभोवती तीन वर्तुळं काढून ठेवावीत. ५८ मिलिमीटरच्या बिल्ल्यासाठी सर्वांत बाहेरचं ७० मिलिमीटरचं, इथे कागद कापला जाणार. मधलं ५८चं, बिल्ला समोरून एवढा दिसणार. आतलं ५० मिलिमीटरचं, अक्षरं, चेहरे, बोधचिन्ह, जे काही वाचता किंवा ओळखता यायला हवं ते सगळं याच्या आत. पार्श्वभूमीचा रंग किंवा नक्षी मात्र ७०च्याही थोडी बाहेर जाऊ द्यायची. मी दीड मिलिमीटर बाहेर नेतो, म्हणजे रंगाचं वर्तुळ ७३ मिलिमीटरचं होतं. या जादा रंगाला छपाईत ब्लीड म्हणतात. कात्री किंवा पंच केसभर सरकला तरी कडेला पांढरा कागद उघडा पडू नये, एवढ्यासाठी तो असतो.

५८ दिसतात तर अक्षरांसाठी ५०च का, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोन कारणं आहेत. शेल सपाट नसतो, कडेकडे तो उतरत जातो. शेवटच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये असलेलं अक्षर दिसतं, पण तिरकं, दबलेलं दिसतं, आणि वरून चमकदार फिल्म असल्यामुळे तिथेच उजेड परावर्तित होतो. दुसरं म्हणजे कागद ठेवताना तो अगदी मध्यावर बसेल याची खात्री नसते. पंच करताना अर्धा मिलिमीटर, डायमध्ये ठेवताना अर्धा मिलिमीटर, असा सहज एक मिलिमीटर फरक पडतो. हाताने शंभर बिल्ले दाबणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अचूकपणाची अपेक्षा करणं योग्य नाही. डिझाइननेच तेवढी मोकळीक ठेवायला हवी.

याच कारणासाठी कडेची बारीक रिंग टाळा असं मी कळकळीने सांगतो. ‘दादा, कडेला एक सोनेरी रिंग टाका, उठाव येईल,’ ही मागणी दर दुसऱ्या गिऱ्हाइकाची असते. समजा बिल्ल्याच्या कडेपासून २ मिलिमीटर आत एक नाजूक रेघ गोल फिरवली. कागद एक मिलिमीटरने डावीकडे सरकला की डावीकडे रेघ आणि कड यांत १ मिलिमीटर उरतो आणि उजवीकडे ३. डोळ्याला एक मिलिमीटर एरवी कळत नाही, पण एका बाजूला दुसऱ्याच्या तिप्पट जागा दिसली की पटकन कळतं. पूर्ण बिल्ला वाकडा वाटतो. रिंग हवीच असेल तर दोन मार्ग आहेत. एक तर ती ५०च्या वर्तुळाच्या आत घ्या, म्हणजे तिच्याबाहेर ४-५ मिलिमीटर मोकळी जागा राहते आणि फरक त्यात मुरतो. नाहीतर ती ५० पासून सुरू करून थेट ७३पर्यंत रंगाने भरून टाका. मग ती कडेवरून मागे वळते आणि बाहेरची सीमारेषा नसल्यामुळे सरकलेपण फारसं लक्षात येत नाही.

आता एक काम सुरुवातीपासून करून पाहू. एका गणेशोत्सव मंडळाला स्वयंसेवकांसाठी १०० बिल्ले हवे आहेत. मध्ये मूर्तीचा फोटो, वर मंडळाचं नाव, खाली ‘स्वयंसेवक’ हा शब्द आणि वर्ष. शिवाय तेच चित्र वर्गणीदारांना द्यायच्या फ्रिज मॅग्नेटवर हवं आहे.

फाइल उघडताना ती पिक्सेलमध्ये न उघडता मिलिमीटरमध्ये उघडावी. ७३ बाय ७३ मिलिमीटर, रिझोल्युशन इंचाला ३०० ठिपके. पिक्सेलमध्येच काम करणारं अॅप असेल तर तेवढ्या चौकोनाला ८६२ पिक्सेल लागतात. दिसणारा भाग त्यातला ६८५ पिक्सेलचा. मूर्तीचा फोटो मध्यभागी ४० मिलिमीटर रुंद हवा असेल तर त्याला साधारण ४७२ पिक्सेल हवेत. मांडवाच्या अख्ख्या फोटोतून मूर्ती कापून घेतली आणि ती १०० पिक्सेलच भरली, तर पडद्यावर मोठी करून काहीही साधत नाही, छापल्यावर ती धुरकटच येते. व्हॉट्सअॅपवरून फोटो मागवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान करूनच पुढे जातो.

मग नाव. इथे देवनागरीचे स्वतःचे प्रश्न येतात आणि परदेशी नमुने पाहून केलेली डिझाइनं इथेच फसतात. इंग्रजी बिल्ल्यांवर नाव बहुधा कडेच्या गोलाईवर फिरवलेलं असतं. रोमन अक्षरं सुटी असतात, प्रत्येक अक्षर थोडं फिरवून गोलावर ठेवलं तरी काही बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा सलग असते. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर वेगवेगळं फिरवून ठेवतं तेव्हा शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर तुटते, वरच्या बाजूला फटी दिसतात आणि काही अॅपमध्ये तर वेलांटी आणि जोडाक्षरं मूळ अक्षरापासून सुटून वेगळीच पडतात. ‘मित्र’मधली पहिली वेलांटी ‘म’च्या डोक्यावरून सरकून भलतीकडे बसलेली मी पाहिली आहे. गोलाईवर नाव हवंच असेल तर आधी सरळ ओळीत लिहून, अक्षरांचे आकार करून घेऊन, मग तो संपूर्ण आकार कमानीसारखा वाकवावा. कोरलड्रॉमध्ये अक्षरांवर `Convert to Curves` दिलं की ती अक्षरं राहत नाहीत, त्यांचे आकार होतात, आणि मग वाकवताना शिरोरेषा अखंड राहते. असं केल्याने दुसरा एक घातही टळतो. छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर फाइल उघडताच अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हं येतात. आकार केलेल्या अक्षरांना फॉन्टची गरज उरत नाही. फक्त त्याआधी शुद्धलेखन तपासून घ्यावं, कारण नंतर काना-मात्रा बदलता येत नाही.

माझ्या मते मराठी नाव सरळ ओळीतच सर्वांत चांगलं दिसतं. पण वर्तुळात सरळ ओळीला किती जागा मिळते याचा अंदाज आधी घ्यायला हवा. ५० मिलिमीटरच्या सुरक्षित वर्तुळात मध्यापासून १८ मिलिमीटर वर गेलं तर आडवी जागा सुमारे ३५ मिलिमीटर उरते. २१ मिलिमीटर वर गेलं तर ती २७वर येते. ओळीची रुंदी ठरवताना अक्षराच्या अंगाची उंची धरून चालत नाही. वर जाणारी वेलांटी, मात्रा, रफार यांचा सर्वांत वरचा टोकाचा बिंदू धरावा लागतो, कारण तोच वर्तुळाच्या बाहेर जातो. म्हणून नाव तीन शब्दांचं असेल तर दोन ओळी कराव्यात. वरची ओळ आखूड, तिच्याखालची लांब. मंडळाच्या नावातला पहिला शब्द वर, ‘मित्र मंडळ’ त्याखाली, अशी ती मांडणी वर्तुळात आपोआप बसते. खाली उलटं. ‘स्वयंसेवक’ मूर्तीच्या लगेच खाली, तिथे जागा रुंद आहे, आणि वर्षाचे चार आकडे त्याच्याही खाली. खालच्या ओळीत उकार असलेले शब्द आले तर त्यांचं टोकही मोजायचं.

अक्षर किती लहान चालेल? छपाई कितीही चांगली असली तरी बिल्ला हातभर अंतरावरून, बहुधा हलणाऱ्या माणसाच्या छातीवर वाचला जातो. देवनागरीत एकाच अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखाली खुणा असतात, त्या ८ पॉइंटखाली एकमेकींत मिसळतात. फोन नंबर, पत्ता, संस्थेचा नोंदणी क्रमांक यांना ५८च्या बिल्ल्यावर जागा नाही. ही गोष्ट मंडळाला आधीच स्पष्ट सांगितली तर नंतरची कुरबुर वाचते.

एक छोटी खूण मात्र मी न चुकता टाकतो. ५८ आणि ७०च्या मधल्या, न दिसणाऱ्या पट्टीत, चित्राच्या अगदी वर, एक बारीक उभी रेघ. पिनेची प्लेट बसवताना पिन आडवी यायला हवी, नाहीतर बिल्ला लावल्यावर गणपती तिरका होतो. यंत्रावर बसलेल्या माणसाला चित्राची वरची बाजू कोणती हे प्रत्येक वेळी शोधावं लागू नये. ती रेघ डायवरच्या खुणेसमोर ठेवली की काम झालं, आणि ती पुढे मागच्या बाजूला दुमडली जाते.

१०० बिल्ल्यांसाठी आता पान लावायचं. डिजिटल छपाईत १२ बाय १८ इंचाचा कागद सर्रास वापरतात, म्हणजे साधारण ३०५ बाय ४५७ मिलिमीटर. ७३ मिलिमीटरचे चौकोन आडवे चार आणि उभे सहा ठेवले तर २९२ बाय ४३८ होतात. चारही बाजूंनी यंत्राला पकडायला जागा उरते आणि एका पानावर २४ बिल्ले येतात. पाच पानांत १२० निघतात. वीस जादा हवेतच, कारण पहिले दोन-चार दाबताना खराब होतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी कोणीतरी हमखास राहून गेलेलं असतं. घरच्या ए-फोर प्रिंटरवर हे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ए-फोरची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे ७०च्या तीन चकत्या कागदोपत्री अगदी बरोबर बसतात. पण घरचा प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर कोरे सोडतो, त्यामुळे बाजूच्या चकत्यांना एका अंगाला पांढरी कोर येते. त्यातला काही भाग मागे दडतो, सगळा दडेलच असं नाही. गडद पार्श्वभूमीवर ती कोर ठळक दिसते. एका ओळीत दोनच चकत्या घ्याव्यात.

पान छापताना सर्वांत घातक गोष्ट म्हणजे `Fit to page` हा पर्याय. तो चालू राहिला तर प्रिंटर अख्खं पान किंचित लहान करून छापतो. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. ७०ची चकती ९७ टक्क्यांवर छापली तर ६८ मिलिमीटरची होते. छापलेल्या रेघेवर कापणाऱ्या माणसाकडे मग प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर कमी कागद उरतो, आणि मागची प्लेट नीट धरत नाही. बिल्ला दाबून निघतो खरा, पण अंगठ्याने जरा दाबलं की कागदाची कड सुटून बाहेर येते. म्हणून छापताना `Actual size` किंवा १०० टक्के हेच निवडावं, आणि पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक सरळ रेघ छापून ठेवावी. छापून आलेल्या पानावर पट्टी लावायची. ९७ भरली तर कात्री हातात घ्यायचीच नाही.

कागदाची जाडीही यातच येते. साधारण ९० ते १३० जीएसएमचा कागद कडेवरून नीट वळतो. जाड फोटो पेपर, विशेषतः १८० जीएसएमच्या पुढचा, वळताना मोडतो, कडेला चुण्या पडतात आणि कधीकधी फिल्मही फाटते. चमक हवी म्हणून जाड ग्लॉसी कागद घेण्याची गरज नाही, चमक फिल्मची असते. इंकजेटवर छापलं असेल तर शाई पूर्ण वाळू द्यावी. ओल्या शाईवर फिल्म बसली की आत धुकं धरल्यासारखे डाग राहतात. आणि फिल्मच्या चकत्या एकमेकींना चिकटून दोन-दोन निघतात, त्या सोडवून एकच घ्यावी. दोन गेल्या की जाडी वाढते आणि दुसऱ्या दाबात यंत्र अडतं.

पण मुळात तुमच्या छपाईवाल्याच्या यंत्राला ७०च लागतात कशावरून? ५८च्या बिल्ल्याला बहुतेक ठिकाणी ७० चालतात, ४४च्या बिल्ल्याला ५४ हा आकडा वारंवार येतो, पण वेगवेगळ्या बनावटीच्या डायमध्ये फरक असतो. अमेरिकेत सव्वादोन इंची बिल्ला चालतो, तो आपल्या ५८ला जवळचा, आणि तिथल्या एका प्रचलित यंत्राला त्यासाठी दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचाची, म्हणजे ६७ मिलिमीटरच्या आसपासची चकती लागते. इंटरनेटवरून उतरवलेला साचा तिकडचा असेल तर तीन मिलिमीटरचा फरक तिथेच पडतो.

हे शोधून काढायची एक खात्रीची रीत आहे. फोटो, नाव काहीही न टाकता नुसती एकात एक वर्तुळं छापा, व्यास ४६, ४८, ५०, ५२ असे दोन-दोनने वाढवत ७०पर्यंत. एकाआड एक दोन रंग द्या आणि प्रत्येकाच्या डाव्या-उजव्या टोकाला त्याचा आकडा लिहा. ही चकती कापून तिचा बिल्ला दाबा आणि समोर धरून पाहा. कडेला शेवटचा जो आकडा दिसतो, तेवढं तुमचं खरं दिसणारं वर्तुळ. शेल फुगीर असल्यामुळे तो कागदावर ५८पेक्षा थोडा जास्तही येईल. जो आकडा अजून सपाट आणि स्वच्छ वाचता येतो, तिथे तुमचं सुरक्षित वर्तुळ. डाव्या कडेला ५८ आणि उजव्या कडेला ६२ दिसत असेल, तर कागद १ मिलिमीटरने सरकून बसला आहे, कारण एका बाजूला त्रिज्या २९ आहे आणि दुसरीकडे ३१. असे चार-पाच बिल्ले दाबले की सरकणं नेहमी एकाच दिशेला आहे की दर वेळी वेगळं, तेही कळतं. एकाच दिशेला असेल तर पंच किंवा डाय तपासावा. वेगवेगळ्या दिशेला असेल तर तो हाताचा फरक आहे, आणि त्यासाठीच आतली मोकळीक ठेवलेली असते.

आता वर्गणीदारांचे मॅग्नेट. इथे एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रकार बिल्ल्याचाच. तोच शेल, तोच कागद, तीच फिल्म, फक्त मागे पिनेऐवजी चुंबक असलेली प्लेट. याला बिल्ल्याची फाइल जशीच्या तशी चालते, ७०ची चकती, ५०चं सुरक्षित वर्तुळ. वरच्या खुणेची रेघही लागत नाही, कारण चुंबक फ्रिजवर हवा तसा फिरवून सरळ करता येतो.

दुसरा प्रकार सपाट. चित्र स्टिकरवर छापून ते रबरासारख्या लवचिक चुंबकी शीटवर चिकटवतात आणि मग गोल कापतात. यात काहीच मागे दुमडलं जात नाही. जिथे कापलं तीच दिसणारी कड. म्हणजे ५८चा सपाट मॅग्नेट हवा असेल तर कापायचं वर्तुळही ५८चं, पार्श्वभूमी प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर बाहेर, म्हणजे ६४पर्यंत, आणि अक्षरं ३ मिलिमीटर आत, म्हणजे ५२पर्यंत. बिल्ल्याच्या फाइलमध्ये कापायची रेघ काळ्या रंगात छापली आणि कात्री थोडी चुकली, तरी तो काळा कोपरा मागे दडतो. सपाट मॅग्नेटवर तोच कडेला काळ्या नखासारखा उरतो. तिथे कापायची रेघ छापायचीच नाही, ती फाइलमध्ये वेगळ्या थरावर ठेवून फक्त कापणाऱ्या यंत्राला द्यायची.

आपल्या मंडळाच्या कामात नेमकं इथे काय चुकू शकतं ते पाहा. समजा सपाट मॅग्नेटची ५८ची फाइल आधी तयार झाली, त्यात नाव ५२पर्यंत गेलेलं आहे. मग बिल्ल्यासाठी कोणीतरी म्हणालं, ७०ची लागते, म्हणून ती ओढून ७० केली. सगळं चित्र सुमारे १.२ पटीने वाढलं. ५२वर असलेलं नाव जवळजवळ ६३वर गेलं. दिसणारं वर्तुळ ५८चं. म्हणजे नावाची टोकं थेट पत्र्याच्या मागे. पडद्यावर मात्र ही ओढलेली फाइल अगदी पहिल्यासारखीच दिसते, प्रमाण बदललेलंच नसतं, म्हणून कोणाच्याही लक्षात येत नाही. उलटही घडतं. बिल्ल्याची ७०ची फाइल तशीच ७०च्या सपाट मॅग्नेटसाठी वापरली, तर काही कापलं जात नाही, पण चित्राभोवती रिकाम्या रंगाचा १० मिलिमीटरचा जाड पट्टा राहतो आणि चित्र मध्ये आक्रसल्यासारखं दिसतं. दोन वस्तूंना दोन फाइली कराव्या लागतात. चित्राचा गाभा तोच ठेवून फक्त पार्श्वभूमी आणि वर्तुळं नव्याने मांडायची, ओढून मोठं-लहान करायचं नाही. फाइलच्या नावातच वस्तू आणि आकडे लिहावेत, `billa_58_cut70` आणि `magnet_flat58_bleed64` असे. सहा महिन्यांनी कोणी तीच फाइल उघडली तरी घोळ होत नाही.

मॅग्नेटबाबत आणखी एक गोष्ट वर्गणीदारांना सांगून ठेवावी. काचेच्या दाराच्या फ्रिजवर आणि काही स्टेनलेस स्टीलच्या दारांवर चुंबक धरतच नाही. त्यात मॅग्नेटचा दोष नसतो. घराचं लोखंडी गेट किंवा गोदरेजचं कपाट त्याला चालतं.

बिल्ल्यांची ऑर्डर देताना भावाआधी छपाईवाल्याला दोन आकडे विचारा, तयार बिल्ल्याचा व्यास किती आणि कागद किती मिलिमीटरचा कापता. मॅग्नेट असेल तर शेलचा की सपाट, तेही विचारा. हे आकडे चटकन सांगणारा माणूस रोज ते काम करत असतो. मग खऱ्या कागदावर, खऱ्या डायमध्ये एकच नमुना दाबून हातात घ्या, डावी-उजवी कड पाहा, अंगठ्याने कागद सुटतो का पाहा, आणि तो पसंत पडल्यावरच उरलेले नव्व्याण्णव दाबायला सांगा.